कंदिलाची चावी चावीएवढीच

मी नेमकं काय काम करते हे घरी समजावून सांगायचा नाद मी सोडला आहे. अकोल्याला शेजारपाजारचं कोणी विचारलं की आई सांगते, "कंप्युटरवर असते." त्यात खोटं काही नाही. एका साखरपुड्यात एक काका फारच खोदून विचारायला लागले, तेव्हा मी पेढ्यांचा रिकामा डबा उचलला, त्याच्या कडा सोडवल्या आणि तो पुठ्ठा सपाट करून त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "हे करते मी. दिवसभर." काकांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विषय पाऊसपाण्यावर नेला.

पण खरंच, काम तेच आहे. गेममधली वस्तू, म्हणजे बाकडं, बादली, पिंप, जे काय असेल ते, आधी नुसती राखाडी आकृती असते. तिच्यावर चढवायचा रंग, गंज, लाकडाच्या रेषा हे सगळं एका सपाट चौकोनी चित्रात असतं. वस्तू गोल आणि चित्र सपाट, तर दोघांचं जमायचं कसं? म्हणून वस्तूला योग्य जागी काप द्यायचे, तिचं अंग सोडवायचं आणि त्या चौकोनावर नीट पसरायचं. कापाच्या रेषांना आम्ही सीम म्हणतो, सुट्या झालेल्या भागांना तुकडे, आणि या सगळ्या पसाऱ्याला यूव्ही. पेढ्याच्या डब्याचे यूव्ही कोणीही करेल. माझ्या वाट्याला कंदील आला.

त्याआधी दोन वर्षं मी याच ऑफिसात खालच्या मजल्यावर होते. अमरावतीत राजापेठेकडून जरा आत, एका इमारतीत आमचं हे छोटं ऑफिस. खाली ऑनलाइन दुकानांसाठी फोटो साफ करायचं काम चाले. पैंजणाचा फोटो आला, मागची चादर कापून टाक, पांढरं कर. कपाटाचा फोटो आला, मागची भिंत काप, पांढरं कर. दिवसाला इतके फोटो की संध्याकाळी गिला वडा खायला गेलं तरी मी मनात प्लेटच्या कडेकडेने कापत असायची. वरच्या मजल्यावर गेमचं काम होतं. तिथे जायला मी सुट्टीच्या दिवशी मोफत व्हिडिओ पाहून शिकले, तीन वेळा विचारलं, दोन वेळा नाही ऐकलं, आणि शेवटी परदेशातल्या एका कंपनीच्या चाचणीचं काम आलं तेव्हा माणूस कमी पडला म्हणून मला वर घेतलं.

वर आमची लीड होती. लीड म्हणजे कामावर देखरेख करणारी. परतवाड्याची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि मला ताई म्हणायची. ज्या बाईने तुमच्या चुका काढायच्या तिनेच ताई म्हणावं, याने माझं डोकं फिरायचं. मी मुद्दाम तिला मॅडम म्हणायची. ती त्यावर शांतपणे हो म्हणायची, त्याने आणखी फिरायचं.

तिने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. "ताई, कंपनीले तीन वस्तू द्यायच्या हायेत. कंदील तुमच्याकडं. जमलं तं तुमी इथंच. नाई जमलं तं खाली जावं लागंल, मंग मले काही म्हणू नका."

पहिल्या खेपेला नाही जमलं. मी ऐकलं होतं की सीम जितके कमी तितकं बरं. ते मी इतकं मनावर घेतलं की अख्ख्या काचेला मी एकच उभा काप दिला. आता कंदिलाची काच मधे फुगीर असते. एकाच कापाने ती सपाट पसरली की फुगलेला भाग आवळतो आणि वरखालची टोकं ताणली जातात. लीडने त्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनांचं चित्र चढवून दाखवलं. या चित्राला चेकर म्हणतात, आणि आमच्या धंद्यात त्याच्यापुढे कोणाची लबाडी चालत नाही. यूव्ही बरोबर असतील तर सगळीकडे चौकोन चौकोनच दिसतात. माझ्या काचेवर मधे बरे होते, आणि टोकांना ते असे पसरले होते की लाटताना पोळी हातातून सुटावी. शिवाय तेलाच्या टाकीचा सीम मी दिला होता नेमका पुढच्या बाजूला, वात वरखाली करायच्या चावीच्या खाली. गंजाचा डाग तिथपर्यंत यायचा आणि मधेच कापल्यासारखा थांबायचा. कंपनीने त्या जागेवर लाल गोल काढून कंदील परत पाठवला.

"ताई, आता अजून एकदा यूव्हीवरून परत आला तं माझ्या हातात काही राहणार नाई," लीड म्हणाली. मी "हो मॅडम" म्हटलं आणि जागेवर जाऊन पाणी प्यायले.

दुसऱ्या खेपेला मी जीव ओतला. काचेला दोन काप दिले, दोन्ही बाजूंच्या उभ्या नळ्यांच्या आड, जिथे कोणाची नजर जात नाही. ताण बराच गेला. मग सगळे तुकडे एका मापात आणायचे होते. हे महत्त्वाचं असतं: वस्तूच्या एका वीतभर अंगाला चित्रातले जितके ठिपके मिळतात, तितकेच दुसऱ्या वीतभर अंगालाही मिळायला हवेत. याला टेक्सेल डेन्सिटी असं भारदस्त नाव आहे. पण सॉफ्टवेअर ते एका बटणात करून देतं. मी ते बटण दाबलं. सगळे तुकडे एका मापात आले.

आणि मग मी हाताने ते बिघडवलं.

का बिघडवलं, ते सांगते. बटण दाबल्यावर चावीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा झाला. झाकणाचा तसाच. आणि चौकोनात इकडे तिकडे रिकामी जागा राहिली. खालच्या मजल्यावर दोन वर्षं मला एकच नियम शिकवला होता: फोटोतली वस्तू चौकट भरून दिसली पाहिजे. कानातलं असो की कपाट, दोन्ही तेवढ्याच मोठ्या चौकटीत तेवढंच मोठं. रिकामी जागा दिसली की तिथल्या सुपरवायझरबाई ओरडत. तो नियम माझ्या बोटात बसला होता. मी चावीचा तुकडा ओढून चांगला मोठा केला, झाकण मोठं केलं, बर्नरच्या बारीक पट्ट्या मोठ्या केल्या. हातात धरायच्या तारेचा तुकडा मात्र लांबच लांब पट्टी होऊन चौकोनाबाहेर चालला होता, म्हणून तो तेवढा बारीक केला. शेवटी चौकोन असा गच्च भरला की सुई ठेवायला जागा नाही. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्याचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. तिने विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, कंदील. तिने हसण्याची तोंडं पाठवली.

आमच्याकडे पद्धत अशी की जो उलगडतो तो रंगवत नाही. रंग द्यायला एक काका होते, अकोटचे. पन्नाशी ओलांडलेली. तरुणपणी भिंतींवर जाहिराती रंगवायचे, कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या भिंतींवरची वीतभर नव्हे, हातभर उंचीची अक्षरं. छापील फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. मुलीकडे राहायला अमरावतीत आले आणि तिच्या कंप्युटरवर बसून हे शिकले. गंज रंगवावा तर त्यांनीच. त्यांनी रंगवलेलं पिंप पाहिलं की हात धुवावेसे वाटत. बोलायला मात्र एकदम रोखठोक.

त्यांनी माझा कंदील रंगवला, कपाळाला आठ्या घालूनच रंगवला, आणि तो गेला. शुक्रवारी कंपनीचं उत्तर आलं. लाल गोल नव्हते. एकच वाक्य होतं: गंजाचं आणि खरचटलेल्या खुणांचं माप जागोजागी वेगळं दिसतं.

मिटिंगमध्ये लीडने ते वाचून दाखवलं आणि आमच्या दोघांकडे पाहिलं. खोलीत सहा-सात माणसं. मला वाक्यातला 'गंज' एवढा एकच शब्द ऐकू आला. खालच्या मजल्याचा जिना डोळ्यांपुढे आला होता, आणि मी म्हणाले, "गंज म्हणजे रंगाचा प्रश्न आहे ना मॅडम. यूव्ही मी या वेळी चांगले केलेत. ताण कुठेच नाही."

लीडला नागपूरची गाडी धरायची होती. ती म्हणाली, "काका, गंज एकदा पुन्हा पाहा मंग. शेवटचा चान्स हाये. बुधवारी पाठवायचं." काकांनी मान हलवली. मला वाटलं, सुटले.

जेवणानंतर ते माझ्या टेबलाशी आले. हातात डब्यातली उरलेली भाकर गुंडाळलेला कागद.

"पोरी, तो चेकर लाव बरं."

"काहून काका? लावला होता मी."

"तू ताण पाह्यला. आता चौकोन किती मोठे हायेत ते पाह्य."

मी लावला. टाकीवर चौकोन नखाएवढे. चावीवर इतके बारीक की चावी करडी दिसत होती. आणि तारेवर, माझ्या त्या आवळलेल्या तारेवर, एकेक चौकोन टाकीवरच्या चौकोनाच्या तिप्पट. ताण नव्हता, हे खरं. प्रत्येक चौकोन आपल्या जागी चौकोनच होता. पण एकाच कंदिलावर तीन मापांचे.

"मी एकच गंज सगळ्यावर पसरला," काका म्हणाले. "चावीवर तो धुळीसारका बारीक झाला अन् तारेवर रुपयाएवढे फोड आले. आता मी कुठचा ब्रश घेऊ, तूच सांग. चावीचा घेऊ का तारेचा?"

मला वाटलं जमीन फाटावी. आणि खरं सांगते, त्याच वेळी त्यांचा रागही आला. हे मिटिंगमध्ये का नाही बोलले? तिथे मला उघडं पाडलं असतं तर भांडता तरी आलं असतं. असं डब्याच्या कागदासकट येऊन हळू आवाजात सांगितलेल्या गोष्टीशी भांडायचं कसं?

"मॅडमला सांगणार तुम्ही?" मी विचारलं.

"मी कायले सांगू? मी तं गंज पाहून राहिलो." आणि ते हात धुवायला गेले.

त्या शनिवारी मी अकोल्याला गेले. बडनेऱ्याहून गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत मी स्वतःच्या बाजूने वकिली करत होते. मी खोटं कुठे बोलले? तेव्हा मला माहीतच नव्हतं. हे खरं होतं, पण शुक्रवारी दुपारपासून माहीत होतं आणि लीडला मेसेज करायला फोन हातातच होता. मी केला नाही. मेसेज म्हणजे खालचा मजला.

घरी गेल्यावर मी आईला म्हटलं, आपल्याकडे तो जुना कंदील होता ना, तो मला हवा आहे, सोमवारी ऑफिसात न्यायचा आहे. आधीच हे करायला हवं होतं. मी दोन आठवडे कंदील उलगडत होते आणि खऱ्या कंदिलाला हात लावला नव्हता. आईने माळ्यावर शोधून ठेवते म्हणून सांगितलं. शुक्रवारी निघताना मी काकांना फोटो पाठवायचं कबूल केलं होतं, कारण त्यांना खरा गंज पाहायचा होता. आमचा कंदील चांगला गंजलेला होता, लहानपणापासून मला आठवत होतं.

रविवारी सकाळी उठून पाहते तर अंगणात कंदील चमचमत होता. आईने राख, चिंच आणि नारळाच्या शेंड्या घेऊन पहाटेपासून त्याला घासला होता. काच तर अशी की आहे की नाही कळू नये.

"आई! गंज कुठे गेला?"

"कुठं गेला म्हणजे? काढला. हापिसात असा मळका कंदील नेशील का? लोक काय म्हणतील, यांच्या घरी भांडे घासत नाईत?"

"अगं, मला गंजच पाहिजे होता!"

"गंज कोणाले पाहिजे असतो व?" आईने मनापासून विचारलं.

मी चिडून कंदील हातात घेतला आणि फिरवून फिरवून पाहिला. आणि चिडणं तिथेच राहिलं. घासल्यामुळे पत्र्याचा प्रत्येक जोड लख्ख दिसत होता. टाकीचा पत्रा मागच्या बाजूला वळवून शिशाने झाळून जोडला होता, चावीच्या बरोबर उलट. टाकीचं बूड काठाला वेगळं दुमडलेलं. उभ्या नळ्यांचा जोड आतल्या बाजूला, काचेकडे तोंड करून. ज्याने कोणी हा कंदील केला त्याला पत्रा सपाट मिळाला होता आणि त्याला तो गोल करायचा होता. माझं काम उलटं. पण काप कुठे यावा आणि कुठे येऊ नये, हा विचार दोघांचा एकच. मी चौदा फोटो काढले. आईने मागे उभं राहून आणखी एक काढायला लावला, अंगणातल्या तुळशीजवळ ठेवून, छान दिसावा म्हणून.

सोमवारी कंदील पाहून काका खोखो हसले. "तुह्या मायले सांग, इथं येऊन माझेही डबे घासून दे म्हणा." मग त्यांनीही तो हातात घेऊन फिरवला, झाळलेल्या जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "गंज पहिले इथं धरते. सीम इथं दे. मी त्याच्यावरच झाळ रंगवतो. रेघ दिसली तरी लोकांले वाटंल, जोडच हाय."

मी सगळे यूव्ही पुसले आणि पहिल्यापासून बसले. टाकीचा उभा काप मागे, जोडावर. बूड काठाला सोडवलं. नळ्यांचे काप आतल्या बाजूला. काचेचे पुन्हा नळ्यांच्या आडच दिले. गोल भागांच्या पट्ट्या सरळ करून घेतल्या, म्हणजे गंजाचे ओघळ वाकडे जाणार नाहीत. मग ते एक बटण दाबलं. चावी पुन्हा तांदळाचा दाणा झाली. माझा हात माउसवर शिवशिवला, ते काकांनी पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले.

"इतकी बारीक दिसते काका."

"चावी हाय ते. चावीएवढीच दिसंल."

प्रश्न तारेचा होता. एका मापात ठेवायची तर ती लांब पट्टी मावेना, आणि ती मावावी म्हणून सगळंच लहान करायचं तर अख्ख्या कंदिलाचा रंग धूसर झाला असता. एका तारेपायी सगळ्यांनी उपाशी का राहायचं? बराच वेळ मी तिच्याकडे नुसती बघत बसले. मग खऱ्या कंदिलाकडे पाहिलं. हातात धरायच्या जागी तारेवर लाकडी रूळ होता, आमच्या मॉडेललाही होता. त्या रुळाच्या आत तार कोणाला दिसते? मी तार तिथे कापली. एका लांब पट्टीच्या दोन आखूड पट्ट्या झाल्या आणि शेजारी शेजारी निमूट बसल्या. लगेच सगळ्या तुकड्यांना मिळून एकाच प्रमाणात मोठं करता आलं. चावीसुद्धा थोडी वाढली, पण सगळ्यांबरोबर वाढली.

तुकड्यांमध्ये सारखं अंतर सोडलं, म्हणजे एकाचा रंग दुसऱ्यात झिरपणार नाही. कोपऱ्यात एक जागा रिकामी राहिली. साधारण अंगठ्याच्या नखाएवढी. तिच्याकडे पाहून मला कसंसंच होत होतं. तिथे काहीच नव्हतं आणि मी काहीच ठेवलं नाही. चेकर लावला. टाकीवर, काचेवर, तारेवर, चावीवर, सगळीकडे चौकोन एकाच मापाचे. कंदिलाला कोणी चौकड्याचा सदरा घातला होता आणि तो त्याला बरोबर बसला होता. मी उगाच दहा मिनिटं तो फिरवत बसले. इतका आनंद मला झाला की मी काकांना चहा नेऊन दिला, जे मी कोणासाठी करत नाही.

काकांनी दोन दिवसांत रंग दिला. गंज तोच, ब्रश तोच. त्यांनी काहीच बदललं नव्हतं. बुधवारी कंदील गेला.

शुक्रवारी दुपारी लीडने सगळ्यांना बोलावलं. बाकीच्या दोन वस्तूंवर बारीक शेरे होते. कंदिलावर एकच शब्द होता: मंजूर. कोणीतरी टेबल वाजवलं. माझा जीव भांड्यात पडला. लीड हसून म्हणाली, "काका, या येळेस गंज बरोबर बसला. तुमी मेहनत घेतली." सगळ्यांनी काकांसाठी टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी "आता जमलं काकांले" असंही म्हटलं, म्हणजे आधी जमलं नव्हतं असं.

काका खाली बघून चष्मा पुसत होते.

मी टाळ्या वाजवत होते. मी खरंच वाजवत होते, दोन-तीन वाजवल्याही. मंजूर झालं होतं, खुर्ची वरच राहणार होती, आणि या क्षणी गप्प बसलं की प्रकरण कायमचं मिटणार होतं. पण तो माणूस अकोटच्या भिंतींवर हातभर अक्षरं सरळ रेषेत काढत होता, आणि या खोलीत सगळ्यांना वाटत होतं की त्याला गंजाचं माप कळलं नाही. ते माझ्यामुळे वाटत होतं. मला ते सहन होईना.

"मॅडम, एक मिनिट," मी म्हणाले. आवाज माझ्या नेहमीच्या भांडणाच्या आवाजासारखाच निघाला, त्यामुळे सगळे दचकले. "काकांचा गंज पहिल्यापासून बरोबर होता. त्यांनी काहीच बदललेलं नाही. यूव्ही माझे चुकले होते. चावी मोठी केली होती, तार बारीक केली होती. मागच्या शुक्रवारी दुपारीच मला कळलं होतं. काकांनीच दाखवलं. मी सांगितलं नाही, कारण तुम्ही मला खाली पाठवलं असतं. पाठवायचं तर आता पाठवा."

लीडने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर दोन कंदील शेजारी शेजारी होते, दोन्हींवर चेकर. एक जुना, एक नवा. फाइल उघडल्याची वेळ मंगळवारची होती.

"पाठवायच्या आधी मी सगळं पाह्यते, ताई," ती म्हणाली. "मंगळवारीच पाह्यलं. तुमी कधी बोलता, बोलता का नाई, तेच पाहून राहिली होती."

राग यायला हवा होता, माझ्या सवयीप्रमाणे, पण आला नाही.

"खाली जाऊ का मग?" मी विचारलं.

"खाली कायले? कंपनीनं पुढच्या वस्तूंची यादी पाठवली. पहिली तुमचीच." तिने कागद पुढे केला. "अन् बाकीच्यांच्या फाइलींचा चेकर आजपासून तुमी पाहायचा. तुमाले आता चोर कुठं लपते ते मालूम झालं."

सगळे हसले, मीही हसले, आणि पहिल्यांदाच तिला मॅडम न म्हणता नुसतं हो म्हणाले. काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे नीट पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहत होते.

"आठ दिवस लागले तुले," ते म्हणाले. "मले वाटलं, जास्त लागतील."